जसं जमेल तसं या

माझी ताई सव्वीस वर्षं आमंत्रणपत्रिका करते आहे आणि त्यातली निदान वीस वर्षं ती दमलेली आहे. सख्खी बहीण असली तरी हे मी कौतुकानं सांगत नाही. दमलेल्या माणसाबरोबर रोज दहा तास एका खोलीत काम करणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. ती उसासा टाकते, मी वैतागतो, मग ती म्हणते, "तुला काय झालं?" आणि दिवस सुरू होतो.

आमचं दुकान पहिल्या मजल्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या डोक्यावर. चौदा पायऱ्या, त्याही उभ्या, आणि कठडा एकाच बाजूला. खिडकीपाशी ताईचा कॉम्प्युटर, भिंतीला लागून छपाईचं मशीन आणि मागे माझं कटिंग. ती पानावर मजकूर-चित्र बसवते, मी छापतो, कापतो, घडीसाठी रेघ दाबतो. ताईचे गुडघे गेलेत. सकाळी ती एकदा वर चढते ती संध्याकाळीच उतरते. मधे जगबुडी झाली तरी खाली जाऊन बघायचं काम माझं.

पत्रिकांच्या मजकुराची तिची एक जुनी फाइल आहे. लग्न, बारसं, साठी, दुकानाचं उद्घाटन, गृहप्रवेश. प्रत्येकाचे पाच-सहा मजकूर, नंबर घातलेले. गिऱ्हाईक बोट ठेवतं, ताई तो नंबर उचलते, नावं आणि तारीख बदलते. गृहप्रवेशात लोकांना नंबर चारच आवडतो: 'आपली पावले आमच्या नव्या घराला लागावीत, हीच आग्रहाची विनंती.' इतक्या लोकांनी इतक्या लोकांची पावलं मागितलीत की ताई तो मजकूर झोपेतही टाइप करेल. एकदा मी म्हटलं, "अगं, जरा नवीन काहीतरी लिही." ती म्हणाली, "नवीन लिहिलं की लोक विचारतात, चार नंबर का नाही."

तर एका दुपारी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल. आम्ही गिऱ्हाइकांना आपापसात नावं ठेवतो, नाहीतर लक्षात राहत नाहीत. हे झाले फाइलवाले. नवं घर झालंय, बैठं आहे, दीडशे पत्रिका हव्यात, तारीख सोळा दिवसांवर. मग त्यांनी मोबाइल पुढे केला.

"हा आमच्या दाराचा फोटो. यावरून काही सुचलं तर बघा. पत्रिकेवर हेच दार यावं, अशी घरच्यांची इच्छा आहे."

ताईनं चष्मा वर केला. गडद हिरवं एकपाखी दार, वर अर्धगोल काच, बाजूला सायीच्या रंगाची भिंत, पितळी कडी. दारापुढे दोन पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या डाव्या बाजूला एक लांबलचक फळी टेकवलेली, तिचं खालचं टोक फोटोच्या बाहेर गेलेलं.

ताई चष्मा वर करते तेव्हा तिला खरंच काहीतरी सुचलेलं असतं. वर्षातून दोनदा होतं असं. तिनं कोरा कागद घेतला, दोन्ही कडा आत दुमडून मधोमध आणल्या.

"बघा. पुढच्या या दोन झडपा. दोन्हींवर मिळून तुमचं दार छापायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. माणसानं झडपा उघडल्या की दार उघडलं. आत मजकूर."

फाइलवाल्यांनी झडपा तीनदा उघडल्या आणि मिटल्या. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"फक्त फोटो मूळचा पाठवा," ताई म्हणाली. "मेसेजमधून आला की बारीक होऊन येतो. इथे पडद्यावर बरा दिसेल, छापल्यावर कडी कुठली न् काच कुठली कळणार नाही."

ते पाठवेपर्यंत मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी म्हणालो, "डावी झडप जड होतेय. ती गवंड्यांची फळी काढ ना. उजव्या बाजूच्या पायऱ्यांचा तुकडा उचल आणि तिच्यावर टाक."

आम्ही हे नेहमी करतो. घर नवं असतं, दारात काय काय पडलेलं असतं. बादली, सिमेंटची गोणी, रंगाचे डबे, कुणाच्या तरी चपला. ताई एकेक पुसते. गिऱ्हाईक खूश होतं. विचारायचीसुद्धा पद्धत नाही.

फाइलवाले मात्र थांबले. म्हणाले, "ती निघेल?"

"निघेल की," मी म्हटलं. "पंधरा मिनिटांचं काम."

"पुढे तिथे पक्का उतारच करायचाय. फळी काही कायमची नाही." हे ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, मला तेव्हा कळलं नाही. "काढा मग."

मजकुरासाठी फाइल उघडली. त्यांनी बोट ठेवलं चार नंबरवर.

मी चहा सांगायला खाली गेलो तेव्हा सायकलवाल्याच्या पुढ्यात एक गाडी उभी होती. पुढच्या सीटवर एक बाई, काच खाली केलेली, मांडीवर वही. सायकलवाला पंक्चर काढत होता ते टक लावून बघत होत्या. मी बघितलं आणि विसरलो.

तीन दिवसांनी प्रूफ तयार झालं. खोटं कशाला बोलू, सुरेख झालं होतं. झडपा बरोबर मध्यावर मिळत होत्या, पायऱ्या अशा साफ की जणू तिथे कधी काही नव्हतंच. ताईनं सावलीसुद्धा नीट जुळवली होती. फाइलवाले बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "किती चांगलं दिसतंय." नंतर म्हणाले, "जरा खाली दाखवून आणतो."

"खाली कोण आहे?" ताईनं विचारलं, पण ते गेले होते.

दहा मिनिटांनी परत आले ते धापा टाकत. "ती विचारते, फळी कुठे गेली."

"ती कोण?"

"माझी बायको. गाडीत आहे."

"मग त्यांना वर बोलवा ना," ताई म्हणाली. "असं वरखाली किती वेळ करणार?"

"तिला नाही येता येत. चार वर्षं झाली. अपघात झाला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे." त्यांनी प्रूफ टेबलावर ठेवलं. "ती फळी तिचीच आहे. तिच्यावरूनच घरात जाते ती."

मी माझ्या मशीनकडे बघायला लागलो. माणसाला तोंड लपवायला मशीन बरं पडतं. पंधरा मिनिटांचं काम, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. आणि ताईनं त्याखाली टाइप केलं होतं, आपली पावले लागावीत.

"आता काय म्हणतात त्या?" ताईनं विचारलं.

"म्हणते, ही पत्रिका वाटलीत तर मी त्या दिवशी घरात नसेन. बहिणीकडे जाऊन बसेन." ते खुर्चीत बसले. "आणि ती बसेलही. मी ओळखतो तिला. तुम्हीच सांगा ताई, मी काय चूक केली? चार वर्षं जो येतो तो आधी खुर्ची बघतो, मग तिला. अरे अरे करतो, चहा पितो आणि जातो. एक दिवस लोकांनी नुसतं घर बघावं, एवढंच होतं माझ्या मनात. पत्रिका हातात घेतल्याबरोबर फळी, की पुन्हा तेच सुरू."

त्यांचं बोलणं मला पटलं, हेही सांगून टाकतो. मी म्हणणार होतो की आता छापून टाकू, तेराच दिवस मधे राहतात, बायकोची समजूत घरी काढा. तेवढ्यात ताई उठली. कठड्याला धरून उभी राहिली आणि एकेक पायरी बाजूनं, दोन्ही पाय टेकवत उतरायला लागली. भर दुपारी. सव्वीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मी प्रूफ घेऊन तिच्यामागे, फाइलवाले माझ्यामागे, अशी आमची वरात निघाली.

गाडीतल्या बाईंनी ताईला उतरताना पाहिलं असणार. ताई खिडकीशी पोचल्यावर त्या आधी म्हणाल्या, "गुडघे का?"

"दोन्ही," ताई म्हणाली.

"बसा मागे. दार उघडंच आहे."

ताई मागच्या सीटवर बसली आणि पहिली दोन मिनिटं नुसता श्वास घेत होती. आम्ही दोघं फुटपाथवर. सायकलवाल्यानं हातातलं चाक थांबवलं होतं, त्यालाही ऐकायचं होतं.

बाई मागे न बघता बोलत होत्या, कारण त्यांना वळता येत नव्हतं. "तुमचा राग नाही मला. तुम्हाला काय माहीत? तुम्हाला ती भंगार वाटली. यांना माहीत होतं."

"अगं, पण मी..." फाइलवाले सुरू झाले.

"तुम्ही थांबा." मग त्या ताईला म्हणाल्या, "मी शाळेत भूगोल शिकवायचे. या घराचा नकाशा मी काढलाय. दारं किती रुंद, स्वयंपाकाचा ओटा किती खाली, सगळं मोजून. जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर चार वर्षं काढली. बाहेर जायचं म्हणजे दोन माणसांनी उचलायचं. नव्या दाराशी फळी आली तेव्हा मी पहिल्यांदा आपल्या मनानं दाराबाहेर आले. मागे ढकलायला कुणीतरी लागतं, पण कधी जायचं ते मी सांगते." त्यांनी हात खिडकीबाहेर केला. मी प्रूफ त्यांच्या हातात दिलं. "आणि इथे नुसत्या पायऱ्या आहेत. या घरात मी जाणार कशी? फळी पुसलीत, तर मलाही पुसा ना. तेही पंधरा मिनिटांचंच काम असेल."

फाइलवाल्यांनी वर जाऊन-येऊन आमचं बोलणं शब्दशः पोचवलं होतं तर. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

ताई फार बोलत नाही. तिनं विचारलं, "हा फोटो कुणी काढला?"

"मी," फाइलवाले म्हणाले. "फाटकातून, उभं राहून."

"म्हणून ती भंगार दिसते. वरून बघितली की फळीची नुसती कड दिसते आणि पायथा तर फोटोत नाहीच." ताई बाईंकडे झुकली. "तुम्ही काढाल? तुमच्या खुर्चीत बसून. डाव्या कोपऱ्यातून काढा, म्हणजे फळी खालून डावीकडून निघून दाराकडे चढताना दिसेल. आणि पायथ्याच्या खाली हातभर जमीन येऊ द्या. कडेला चिकटलं तर हा माझा भाऊ कापून टाकतो."

"कापावंच लागतं," मी म्हटलं. "चारी बाजूंनी थोडं जातंच."

बाई हसल्या. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

"आणि मजकूर?" ताईनं विचारलं. "पावलं काढून टाकते. 'सर्वांच्या येण्याजाण्याची सोय केलेली आहे' असं घालूया?"

"दवाखान्याची पाटी वाटते."

"हो, वाटते," ताईनं कबूल केलं. "मग तुम्ही सांगा. तुमच्या मावशीला फोन करून बोलावलंत तर काय म्हणाल?"

बाईंनी मांडीवरची वही उघडली. मग वहीच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं, एक शब्द खोडला, पुन्हा लिहिलं आणि पान मागे दिलं. 'आमचं घर झालंय. दाराशी दोन पायऱ्या आहेत, शेजारी फळी आहे. जसं जमेल तसं या.'

ताईनं ते दोनदा वाचलं. माझी ताई कामाच्या वेळी कधी डोळे पुसत नाही, तिला फुरसत नसते. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, एवढंच सांगतो.

फाइलवाले फुटपाथच्या कडेला उभे होते. ते म्हणाले, "लोक हसतील. पत्रिकेत कुणी फळी लिहितं का?"

"लोक काय करतील ते मला सांगता येणार नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज फार थकलेला होता. "मी सव्वीस वर्षं लोकांची दारं छापतेय. एकाही घरी गेले नाही. बोलावतात पुष्कळ जण. पण पत्रिकेवरून कळतच नाही हो, किती चढायचंय. मग मी काहीतरी कारण सांगते. ही पत्रिका आली असती तर गेले असते."

माझ्या बहिणीच्या तोंडून मी हे प्रथमच ऐकत होतो. मला वाटायचं, हिला माणसांचा कंटाळा आहे.

फाइलवाले हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ताई उतरल्यावर गाडीत बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच आलं नाही. ताई दर थोड्या वेळानं मोबाइल बघायची आणि उसासा टाकायची. मी म्हटलं, "गिऱ्हाईक गेलं." चार वाजता सात फोटो आले, मूळचे, मोठे. पहिले तीन हललेले. चौथ्यात खुर्चीचं चाक आलेलं. सहावा उघडला आणि आम्ही दोघं खुर्च्या पुढे ओढून बसलो.

तेच दार होतं, पण बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. फळी जवळून, रुंद, तिच्यावरची काळी रबरी पट्टी आणि चाकांचे माग स्पष्ट; खालून डावीकडून उठून ती सरळ उंबऱ्याशी जात होती. पायऱ्या बाजूला बिचाऱ्या अंग चोरून उभ्या. दार इतकं उंच आणि हिरवं दिसत होतं की आत जावंसं वाटत होतं.

झडपांची कल्पना ताईनं स्वतःच मोडली. मधोमध चीर आली असती तर फळी तुटली असती. तिनं साधी एका घडीची पत्रिका केली. पुढे पानभर फोटो, आत मजकूर, तारीख, वेळ आणि बाईंनी काढलेला रस्त्याचा नकाशा, त्यात रस्त्यावरचा चढसुद्धा दाखवलेला. पुढच्या पानावर शब्द चारच: जसं जमेल तसं या. आधी तिनं ते वर भिंतीवर आडवे टाकले. मग उतरवले आणि फळीच्या वरच्या कडेला समांतर, तिरपे लावले, शिरोरेषा कडेला जुळवून, फळीच्या पायथ्यापासून दाराकडे चढत जाणारे. अक्षर थोडं मोठं झालं की फळी झाकायची, लहान झालं की म्हाताऱ्यांना दिसायचं नाही. अर्धा दिवस ती पाव-पाव पॉइंटानं झगडत होती. मी कटकट करत होतो, पण मनातून मला तिथून हलवत नव्हतं.

प्रूफवर फाइलवाल्यांनी सही केली. वाचल्यासारखंही केलं नाही, नुसती सही केली. मी छापल्या, कापल्या, घड्या घातल्या. दीडशेवर एक जास्तीची बाईंनी आमच्यासाठी ठेवून घ्यायला सांगितली होती.

गृहप्रवेशाच्या दिवशी आम्ही दुकान दुपारी बंद केलं. ताईनं दोनदा "राहू दे, जाऊ दे" केलं, मी ऐकलं नाही. पोचलो तर फाटकाशी गर्दी थांबलेली. मला वाटलं काही झालं. झालं हे होतं, की फळीसाठी रांग लागली होती. काठी घेतलेले एक आजोबा, त्यांच्यामागे एक ढोली मावशी, एक पोटुशी मुलगी, पायाला प्लास्टर घातलेला कुणी पुतण्या, आणि अगदी मागे दुसरी एक चाकाची खुर्ची, तिच्यात बाईंच्याच वयाची बाई. पायऱ्यांवरून धडधाकट लोक वर जात होते आणि मागे वळून बघत होते.

फाइलवाले फळीच्या पायथ्याशी उभे. शर्टाच्या बाह्या वर, घामानं निथळत. एकेकाला हात देत, एकेकाला मागून ढकलत वर पोचवायचे, खाली यायचे, पुढच्याला घ्यायचे. वर उंबऱ्यात त्यांची बायको खुर्चीत बसून प्रत्येकाला नावानं हाक मारत होती. त्या दुसऱ्या खुर्चीतल्या बाई वर पोचल्या तेव्हा दोघींच्या खुर्च्या दारात अडकल्या आणि दोघी खो-खो हसल्या. कुणीतरी म्हणालं, या तिच्या शाळेतल्या मैत्रीण, तीन वर्षांत कुणाच्या घरी गेल्या नव्हत्या.

ताईची पाळी आली. फाइलवाल्यांनी तिचा दंड धरला, पण वर नेईनात. तसेच उभे राहिले.

"ताई, ते पहिलं प्रूफ अजून आहे का तुमच्याकडे?"

"कुठलं?"

"बिनफळीचं. कॉम्प्युटरमध्ये असेल ना? ते पुसून टाका. मी ते चांगलं दिसतंय म्हणालो होतो."

"ते मी त्याच दिवशी पुसलं," ताई म्हणाली.

धडधडीत खोटं. ते प्रूफ आदल्या दिवशीपर्यंत तिच्या पडद्यावर मी स्वतः पाहिलं होतं. पण फाइलवाल्यांनी मान हलवली, ताईच्या दंडावरचा हात न सोडता चेहरा फाटकाकडे फिरवला, आणि वरून बायको "अहो, थांबलात काय?" म्हणून ओरडत असताना ते तिथेच, सगळ्या रांगेदेखत, रडायला लागले.